कविता शिकवण्याची बाजू संपादकांकडे मांडायची कशी?

प्रश्न: नमस्कार सर. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते, एकोणीस वर्षं झाली. दहा दिवसांपूर्वी आमच्याकडे येणाऱ्या पेपरच्या रविवार पुरवणीत एक लेख आला होता, की शाळेतून कविता काढून टाका, पोरांना पुढे काही उपयोग नाही, त्यापेक्षा अर्ज आणि मेल लिहायला शिकवा. स्टाफरूममध्ये सगळे हसले, आमच्या गणिताच्या सरांनी तर तो लेख नोटीस बोर्डावर लावला. मी संपादकांना पाचशे शब्दांचं पत्र पाठवलं, ते काही आलं नाही. सोबत कॉपी जोडली आहे. माझं काय चुकलं? परत पाठवू का? आणि खरं सांगते, लिहिताना मलाच वाटायला लागलं की मी वर्गात जे करते त्याची बाजू घेण्यासारखं काही आहे का. — एक मराठीची शिक्षिका

उत्तर: मॅडम, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा वाचक म्हणून आणि एकदा हातात कात्री धरून, कारण माझी अकरा वर्षं एका जिल्हा दैनिकात वाचकांच्या पत्रांच्या कॉलमवर गेलीत. वाचक म्हणून पटलं. कात्रीवाला म्हणून सांगतो, मी पण नसतं छापलं.

राग आला असेल तर चहा घ्या आणि पुढे वाचा. तुमच्या पत्रात पहिल्या पॅरात 'संस्कार' तीन वेळा आलंय, दुसऱ्यात 'संवेदनशील मन', तिसऱ्यात 'अभिरुची', 'मायमराठी' आणि 'आजची मोबाईलग्रस्त पिढी' असं सगळं एकाच ओळीत. यातलं एकही वाक्य खोटं नाहीये, पण हीच वाक्यं चित्रकलेच्या तासाबद्दल, वाचनालयाबद्दल, झालंच तर भजनी मंडळाबद्दलही चालतील. कविता नावाची वस्तू तुमच्या पत्रात कुठेच नाही. पाचशे शब्दांत कवितेची एक ओळ नाही, एक मूल नाही, फळा नाही. कॉलमवर बसलेल्या माणसाकडे अशी पत्रं रोज येतात, तो पहिल्या दोन ओळी वाचतो, ओळखीचा सूर लागला की बाजूला टाकतो. तो वाईट नसतो हो, त्याला साडेसहापर्यंत पान सोडायचं असतं.

आणि पाचशे शब्द म्हणजे लेख झाला. पत्राला दीडशे-दोनशे शब्द मिळतात, कधी त्याहून कमी. त्यात पानावर ऐनवेळी जाहिरात आली की पत्र कापलं जातं, आणि ते खालून कापलं जातं. हे मी स्वतः केलंय. एकदा एका निवृत्त पोस्टमास्तरांचं पत्र होतं, वरती सगळा 'हल्लीच्या काळात' छाप मजकूर आणि अगदी शेवटच्या चार ओळींत त्यांनी लिहिलं होतं की गावातल्या बायका त्यांच्याकडून मनीऑर्डरच्या कुपनावर ओवीची एक-एक ओळ लिहून घ्यायच्या, मुंबईच्या नवऱ्याला पाठवायला. सात ओळी जास्त होत होत्या, मी खालून सात ओळी उडवल्या. दुसऱ्या दिवशी छापलेलं वाचताना कळलं की मी काय कापलं. त्या माणसाने फोन करून एक शब्दही वाकडा काढला नाही, त्याचंच जास्त लागलं. तर सांगायचं म्हणजे, तुमच्याकडे जी खरी गोष्ट असेल ती वर पाहिजे. तुमच्या पत्रात ती खाली पण नाही, हा पुढचा प्रॉब्लेम.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे आणि पत्र त्याच्यातच अडकलंय. बाजू घेण्यासारखं काही आहे का? याचं उत्तर तुमच्या कपाटात आहे. दहावीच्या तीन वह्या काढा, कुठल्याही तीन, आणि एकाच कवितेचं रसग्रहण शेजारी शेजारी ठेवून वाचा. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, तिन्ही मुद्द्यांखाली तिघांची वाक्यं सारखीच असतील तर ते रसग्रहण गाइडचं आहे, किंवा तुम्ही फळ्यावर दिलेलं आहे. दोन्हीत फारसा फरक नाही. त्या लेखवाल्याचा अर्धा राग यावर आहे आणि तो अर्धा बरोबर आहे. चार मार्कांसाठी मूल जे पाठ करतं त्याला कविता म्हणायचं असेल तर ती काढून टाकली तरी कुणाचं काही बिघडणार नाही. हे पत्रात कबूल करा. पहिल्या काही ओळींतच करा. तुम्हाला भीती वाटेल की आपणच आपल्या पायावर धोंडा मारतोय, पण होतं उलटं, कारण कॉलमवरचा माणूस थबकतो. शिक्षक चूक मान्य करतायत असं पत्र वर्षातून एखादंच येतं, त्यामुळे पुढचं तो वाचतो.

दुसरा अर्धा मात्र चूक आहे आणि तिथे तुम्हाला घरबसल्या हुकमाचा पत्ता मिळतो, तो तुम्ही वापरलाच नाही. लेखात म्हटलंय ना, कवितेऐवजी अर्ज-मेल शिकवा? 2018 साली दहावीचं पुस्तक बदललं तेव्हा कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेचा जो आराखडा आला त्यात गद्याला 18, पद्याला 16, स्थूलवाचनाला 6, भाषाभ्यासाला 16 आणि उपयोजित लेखनाला 24. म्हणजे पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध असलं सगळं लिखाण 24 गुणांचं आणि कविता 16 ची. जे आणा म्हणून लेखक ओरडतोय ते आधीच कवितेच्या दीडपट आहे. (तुमच्याकडे ताजी कृतिपत्रिका असेलच, पाठवण्याआधी तिच्यावरून आकडे एकदा ताडून घ्या, छापून आल्यावर कुणीतरी ताडणारच.) हे एका वाक्यात टाका आणि पुढे चला. यावर पॅरा लिहू नका, नाहीतर पत्र मार्कांचं होईल आणि मार्कांच्या भांडणात कविता नेहमी हरते.

मग पत्राचा मधला भाग कशाने भरायचा? एका तासाने. एकच कविता, एकच वर्ग, पोरांनी त्या तासात काय केलं ते. पण त्यासाठी असा तास आधी घ्यायला लागेल, आणि तो कसा घ्यायचा ते मी थोडं तपशिलात सांगतो. आयडिया माझी नाही, आमच्या घरातली आहे. बायको एकतीस वर्षं मराठी शिकवायची, रिटायर व्हायच्या वर्षी तिने मला एकदा वर्गात मागच्या बाकावर बसवलं होतं, 'पेपरात नुसते शिक्षकांना शिव्या घालता, एक दिवस येऊन बघा' म्हणून.

कविता होती बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी. आपल्या पिढीने शाळेत पाठ केलीय, तुम्हालाही येत असेल. ती पुस्तकात असो नसो, तुम्ही फळ्यावर लिहून घेऊ शकता. तिने कवीची माहिती, जन्म, टोपणनाव, काही सांगितलं नाही. नुसत्या आठ ओळी फळ्यावर लिहिल्या, एकदा सावकाश वाचल्या, आणि म्हणाली, वहीत नकाशा काढा. भूगोलाचा काढता ना, तसा. जे जे कवितेत आहे ते सगळं दाखवायचं, जे नाही ते एकही नाही.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन

पोरं लागली कामाला. झरा काढला, बेटं काढली, पलीकडे टेकडी, टेकडीकडे चार घरं, पुढे शेतं, शेतांमधून वाट. इथे पहिलं भांडण झालं, वाट कुठून निघते आणि कुठे जाते. एकाने वाट गावात नेली, कारण वाटा गावात जातात, त्यात काय विचारायचं. शेजारची मुलगी म्हणाली, नाही, वाच ना, वाट डोहाकडे चाललीय. दोघांनी परत फळ्याकडे बघितलं. 'हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.' म्हणजे कविता गावाकडे पाठ करून निघालीय. बाईंनी हे सांगितलं नाही, रबर घेऊन वाट खोडताना त्या पोराला ते कळलं. अर्ज लिहायला शिकवा म्हणतात ना, तर अर्जाच्या नमुन्यात काय लिहिलंय ते न वाचता आपल्या मनातलं भरणारी माणसं मी बँकेत रोज बघतो. ओळ काय म्हणते ते बघ, तुला काय वाटतं ते नंतर, हे त्या पोराला एका खोडरबरात समजलं. पण हे पत्रात असं फोडून सांगू नका, वाचणाऱ्याला लावू द्या.

मग तिने रंग भरायला सांगितले. फक्त कवितेत दिलेले. सुरुवातीला हिरवा, निळासावळा, परत हिरवा, मग वाट पांढरी, मग डोह काळा, आणि शेवटी लाटांवर पसरलेला 'गोड काळिमा'. कागदावर रंग भरले की दिसतं, वरच्या अंगाला हिरवं-निळं आणि खाली येता येता काळोख होत जातो, मधे एक पांढरी रेघ. तेवढ्यात मागच्या बाकावरून, माझ्याच शेजारून, एक जण म्हणाला, 'बाई, यात माणूसच नाय.'

मी कविता चाळीस वर्षांपूर्वी पाठ केलेली, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. खरंच नाहीये. चार घरं आहेत, शेतमळे आहेत, वाट आहे, म्हणजे माणसाच्या खुणा सगळ्या आहेत आणि माणूस एकही नाही. मग बाईंनी विचारलं, माणूस नाही तर माणसासारखं कोण वागतंय? पायवाट 'चालली', हे निघालं. आणि शेवटची ओळ, 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'. पाय आहेत ते झाडाला! पायवाट या शब्दात पाय आहे पण त्या वाटेवर कुणाचेच पाय नाहीत, आणि आख्ख्या कवितेत ज्याला पाय मिळालेत ते पाण्यात बसलेलं उंबराचं झाड. वर्ग एकदम गप्प झाला. पोरं भारावली वगैरे नव्हती, नवीन काहीतरी दिसल्यावर माणूस होतो तशी गप्प झाली होती.

औदुंबर म्हणजे ध्यानाला बसलेला विरक्त संन्यासी, डोह म्हणजे मृत्यू, हे जाणकारांनी लिहून ठेवलंय आणि गाइडातही तेच असतं. बायको ते सांगायची, पण सगळ्यात शेवटी, 'काही लोकांना असं वाटतं' म्हणून. सुरुवातीला सांगितलं की पोरं नकाशा काढतच नाहीत, उत्तर लिहून घेतात आणि पेन खाली ठेवतात. तास बिघडतो तो तिथे. 'कवीला असं म्हणायचं आहे की' हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत तोंडातून निघालं की पुढची पंचवीस मिनिटं संपली म्हणून समजा. आणि 'असला औदुंबर' मधला 'असला' घ्या, हा असला म्हणजे 'असा' की 'बसला असावा' मधला? यावर त्या वर्गात दोन पार्ट्या पडल्या, घंटा झाली तरी भांडत होत्या. तिने निकाल दिला नाही. मला वाटलं चुकलं, पोरांना उत्तर द्यायला हवं होतं. घरी जाताना म्हणाली, 'उद्या तेच येऊन विचारतील, बघा.' आणि आले होते म्हणे.

आणखी एक गोष्ट तिथे बघितली ती अजून डोक्यात आहे. ओळी टाळीवर म्हणायच्या, आठ मात्रांनंतर एक टाळी. ऐल तटावर, टाळी. पैल तटावर, टाळी. चार घरांचे, टाळी. गाव चिमुकले, टाळी. शेतमळ्यांची, दाट लागली, ओळीतल्या पहिल्या दोन टाळ्या कशा खणखणीत शब्दाच्या शेवटी येतात. आणि मग पाचवी ओळ येते.

पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे

पायवाट पां-, टाळी, -ढरी तयांतुन, टाळी. शब्द मधेच मोडला! पोरं हसायला लागली, त्यांना वाटलं आपलं चुकलं, परत म्हटलं, परत तिथेच मोडला. मोजून बघा, पा दोन, य एक, वा दोन, ट एक, पां दोन, झाल्या आठ. तोपर्यंत सरळ चाललेली चाल नेमकी 'अडवीतिडवी' वाटेच्या ओळीत वाकडी होते. बालकवींनी मोजून केलं की आपसूक झालं, यावर तुम्ही आणखी एक तास भांडू शकता, पण मोडतं हे खरं, आणि ते नववीतल्या पोराला टाळी वाजवून सापडतं. मात्रा आणि वृत्त हे दोन मार्कांसाठी पाठ करायचं लचांड आहे असं समजणाऱ्या पोरांना त्या दिवशी मात्रा हातात लागल्या. तुमच्या गणिताच्या सरांना हे जरूर दाखवा, मोजणी त्यांचा प्रांत आहे. नोटीस बोर्डावरच्या लेखाशेजारी ती ओळ मात्रा टाकून लावलीत तर मला फोटो पाठवा.

आता कुणी म्हणेल, ऐल, पैल, कुरण, डोह, कोण बोलतं हल्ली असं. मॅडम, तुम्ही तालुक्याच्या गावी आहात, तुमच्या वर्गात डोहात पोहलेली पोरं असतील आणि शेळ्या घेऊन कुरणात गेलेली पण असतील. उलट त्या दिवशी मी बघितलं, इंग्लिश-गणितात मागे असलेला पोरगा डोह कसा ओळखायचा ते सांगत होता, पाणी फिरत नाही, वर काळं दिसतं, तळ लागत नाही. बाकीचे ऐकत होते. त्या वर्गात त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असण्याचा तो बहुधा एकमेव तास असेल. हे पत्रात टाकण्याजोगं आहे, फक्त पोराचं नाव, गाव काही नको, 'एक विद्यार्थी' पुरे. लहान गावात कपड्यांवरूनसुद्धा ओळखतात.

जे होत नाही तेही स्पष्ट बोलू, म्हणजे तुम्ही पत्रात भलते दावे करणार नाही. या तासाने मार्क वाढत नाहीत, रसग्रहणाचा साचा तोच राहतो आणि तो तुम्हाला शिकवावाच लागणार, पोराचं नुकसान करून चालत नाही. पुस्तकातल्या सगळ्या कवितांचा नकाशा निघत नाही. काही कविता म्हणजे नुसता उपदेश यमकात बसवलेला असतो, त्यांच्यात शोधायला काही नसतं, त्या भराभर संपवा आणि वेळ वाचवा, मी तर म्हणेन पुस्तकात अशा कविता असतात हेही पत्रात म्हणा, हिंमत असेल तर. आणि साठ पोरांच्या वर्गात दर कवितेला असं करायला गेलात तर दिवाळीपर्यंत अर्धं पुस्तक राहील. वर्षातून चार-पाच कविता अशा घेतल्या तरी डोक्यावरून पाणी.

2024 साली पहिलीच्या बालभारतीतल्या एका कवितेवरून केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मोराला यमक म्हणून 'शोर' आला, 'वन्स मोअर' आलं, मराठीत हिंदी-इंग्लिश कशाला म्हणून आठवडाभर चर्चा. माझं मत विचाराल तर 'शोर' मलाही खटकला, पण मुद्दा तो नाही. त्या आठवड्यात पेपरांमध्ये शाळेतल्या कवितेवर जेवढं छापून आलं तेवढं एरवी वर्षात येत नसेल, आणि त्यात वर्गात ती कविता म्हटल्यावर सहा वर्षांची पोरं काय करतात हे सांगणारं माझ्या तरी वाचनात काही आलं नाही. सगळे पुस्तकावर भांडतात. वर्गातलं सांगणारा माणूस मिळाला की संपादकाला तो हवा असतो, आणि तो माणूस तुम्ही आहात, लेख लिहिणारा साहेब नाही.

तर आधी तास घ्या, उद्या-परवाच. दहा दिवस म्हणजे पत्र काठावर आलंय, आणखी एक आठवडा गेला तर लेख कुणाच्या लक्षातही राहणार नाही. आणि मग साधारण असं लिहा. मोकळी जागा ठेवलीय तिथे तुमच्या वर्गात जे खरंच घडलं ते टाका, माझ्या बायकोच्या वर्गातलं उचलू नका, पोरं वेगळी असतात, वेगळंच काहीतरी बोलतील आणि ते जास्त चांगलं असेल.

*'रविवार पुरवणीत (तारीख) शाळेतून कविता काढून टाकावी असं सुचवणारा लेख वाचला. मी नववी-दहावीला मराठी शिकवते. लेखकाची एक तक्रार मला मान्य आहे. मुलं रसग्रहण पाठ करून लिहितात, आणि ते पाठ करून घेणाऱ्यांमध्ये मीही आहे. पण कवितेमुळे अर्ज-पत्रं मागे पडतात हे खरं नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेला 16 गुण आहेत आणि उपयोजित लेखनाला 24.*

*लेख वाचल्यावर मी वर्गात बालकवींची आठ ओळींची 'औदुंबर' घेतली. अर्थ सांगितला नाही. मुलांना कवितेचा नकाशा काढायला सांगितला. एकाने पायवाट गावाकडे काढली, दुसरीने ओळ दाखवून ती डोहाकडे वळवली. (हे तुमच्याकडे झालं तरच ठेवा.) ........ हे एका विद्यार्थ्याने शोधलं. मला एकोणीस वर्षांत ते दिसलं नव्हतं.*

*याच कवितेचा मी मग एका वाक्यात सारांश सांगितला, ''झरा आहे, टेकडीकडे गाव आहे, शेतं आहेत, एक वाट डोहाकडे जाते, तिथे उंबराचं झाड आहे.'' आणि विचारलं, यात काय राहिलं? मुलांनी केलेली यादी पंधरा मिनिटं चालली. लेखकांनी एकदा त्या यादीवर नजर टाकावी. मी ती पाठवायला तयार आहे.'*

एकशेतीस शब्दांच्या आसपास आहे, तुमची भर पडून दोनशेच्या आत बसेल. खालून चार ओळी कापल्या तरी नकाशा आणि त्या पोराने शोधलेलं वाचतं, म्हणून ते मधे आहे आणि आमंत्रण शेवटी. 'एकोणीस वर्षांत दिसलं नव्हतं' हे वाक्य खरं असेल तरच ठेवा. सारांशाचा प्रयोगही खरंच करा, घड्याळ लावून करा, पाच मिनिटं चालला तर पाच लिहा. यात कुठेही 'मायमराठी' नाही बघा, आणि त्या लेखकाला एकही टोमणा नाही. तुमच्या पत्रात त्यांच्या इंजिनिअर असण्यावर दोन टोमणे होते, ते वाचून मला हसू आलं पण छापणारा असल्या ओळींवर आधी कात्री फिरवतो.

पाठवायचं कसं तेही सांगतो कारण निम्मी पत्रं इथेच मरतात. मेलच्या बॉडीत लिहा, युनिकोडमध्ये. पीडीएफ नको, वहीच्या पानाचा फोटो तर अजिबात नको, आणि जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये टाइप करून अटॅच केलंत तर समोर भलतीच चिन्हं दिसतात आणि तो माणूस नेक्स्ट दाबतो. विषयाच्या जागी लेखाचं शीर्षक आणि तारीख. खाली नाव, गाव, फोन, फोन छापत नाहीत पण खात्रीसाठी करतात, तेव्हा तासाला फोन सायलेंटवर असेल तर मधल्या सुट्टीत बघा. एकच पत्र एका वेळी पाच पेपरांना पाठवू नका, दोन ठिकाणी आलं की दोघंही तुमचं नाव लक्षात ठेवतात, चांगल्या अर्थाने नाही. आधीच्या पत्राचा उल्लेख, 'माझे पत्र का छापले नाही' वगैरे, बिलकुल करू नका. त्यांच्या लक्षातही नाहीये ते.

शाळेचं लेटरहेड आणि शाळेचं नाव दोन्ही टाळा, स्वतःच्या नावाने व्यक्ती म्हणून लिहा, आणि पाठवण्याआधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. परवानगी वगैरे फार ताणू नका, पण सकाळी पेपरात बघून त्यांना कळलं असं व्हायला नको. 'पाठ करून घेणाऱ्यांमध्ये मीही आहे' या वाक्यावर ते कदाचित अडतील, शाळेची बदनामी होईल म्हणतील. तेव्हा शाळेचं नाव नाहीये हे दाखवा. ते वाक्य मात्र काढू नका, बाकी काहीही काढा.

आलं नाही छापून, तरी तास झालेला असेल आणि तीस-चाळीस नकाशे तुमच्याकडे असतील, त्यातले दोन बोर्डावर त्या लेखाशेजारी लावा. आलं तर कात्रण मला पाठवा. वर शीर्षक आमच्यासारख्याच कुणीतरी 'कविता हवीच!' असं उद्गारचिन्ह ठोकून दिलेलं असेल, त्याच्यावर चिडू नका, ते साडेसहाच्या घाईत देतात.